बिल्डरने चुकून दिलेली भिंत

प्लॅनवर पट्टी ठेवायची, सेंटिमीटर मोजायचे आणि स्केलने गुणायचं. १:५० म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जागेवर पन्नास. यात डोकं लावण्यासारखं काही नाही, असं मामा म्हणाले आणि दिवसभर त्यांनी ते लावलंही नाही.

कपाटाची भिंत कागदावर ३.४ सेंटिमीटर भरली, म्हणजे १७०. सुतार आकडा लिहून घेत होता, तेवढ्यात मी भिंतीला टेप लावली. २४०!

मामांनी टेप दोनदा गुंडाळून पुन्हा लावली. मग दाराकडे बघत आवाज खाली आणला.

"बिल्डरने चुकून सत्तर सेंटिमीटर जास्त दिलंय. कुठे बोलू नकोस."

"मामा, भिंत चुकून कशी वाढेल?"

"तुला व्यवहार कळत नाही. कपाट १७०चंच कर. अख्खी भिंत भरलीस तर त्यांच्या लक्षात येईल."

सुतारानेही मान डोलावली. आपल्याच घरात आपण चोरून राहतोय असं मला वाटायला लागलं.

मी कागद ओढून घेतला. फ्लॅटची बाहेरची लांबी त्यावर ८४०० मिलिमीटर छापलेली होती आणि पट्टीवर ती ११.९ सेंटिमीटर भरत होती. ८४० भागिले ११.९, म्हणजे ७०.६. मूळ नकाशा ए३ कागदाचा. पाठवणाऱ्याने छापताना Actual size ऐवजी Fit ठेवलं आणि तो ए४वर आणून बसवला. त्यात प्रत्येक रेघ मूळच्या सुमारे ०.७ पट होते. कोपऱ्यातलं '१:५०' मात्र निर्लज्जपणे तसंच राहतं, खरं स्केल १:७१च्या आसपास गेलं तरी. ३.४ गुणिले ७०.६ म्हणजे बरोबर २४०. नकाशावर मापाची आखीव पट्टी काढलेली असती तर तीही चित्राबरोबर आकसली असती आणि हा तमाशा टळला असता. पण ती काढायला लागतात दोन मिनिटं, आणि ती कोणाकडे असतात?

"बरं, मग ७१ने गुण आणि कपाट सांग," मामा म्हणाले.

तेही नको. पट्टीवर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला की जागेवर साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि तेवढ्यात कपाट अडकतं. अंदाजाला गुणाकार चालतो. लाकूड कापायचं तर जागेवरची टेपच खरी. सुतार "हेच मी म्हणत होतो" म्हणाला. तो काहीही म्हणत नव्हता.

तोवर मामांनी कागद पुन्हा ताब्यात घेऊन, पन्नासनेच गुणत, सगळ्या घराचं क्षेत्रफळ काढलं. लांबी ०.७ पट, रुंदीही ०.७ पट, त्यामुळे उत्तर करारातल्या आकड्याच्या बरोबर निम्मं आलं. मी हे सांगायला तोंड उघडेपर्यंत ते लालबुंद झाले होते.

"अर्धं घर खाल्लं रे त्याने! तक्रार लिही, मी सांगतो."

"आणि ती जास्तीची भिंत?"

"तिचा उल्लेख करू नकोस."