पाळीचे दिवस मोजताना होणारी गल्लत

"पाळी संपली की दुसऱ्या दिवसापासून मोजायला लागा. निरोगी बाईची पाळी बरोबर २८ दिवसांनी, म्हणजे दर महिन्याला त्याच तारखेला येते. तारीख चार दिवस मागेपुढे झाली, एका महिन्यात दोनदा आली किंवा एखादा महिना रिकामा गेला तर हार्मोन बिघडले समजा आणि पाळी नियमित करणारं औषध सुरू करा."

या सल्ल्यातला प्रत्येक मुद्दा चुकीचा आहे. पण सगळा गोंधळ सुरू होतो तो मोजणीपासून.

मोजायला सुरुवात पाळी संपल्यावर नाही, ती आल्यावर करायची. ज्या दिवशी पॅड किंवा कप लागेल इतका रक्तस्राव सुरू होतो तो पाळीच्या चक्राचा पहिला दिवस. पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसाच्या आदल्या दिवशी ते चक्र संपतं. पाळीच्या स्रावाआधी एक-दोन दिवस नुसते तपकिरी डाग पडत असतील तर ते आधीच्याच चक्रात धरायचे आणि त्यांची नोंद वेगळी ठेवायची. नाहीतर एकदा डागापासून आणि एकदा स्रावापासून मोजलं जातं आणि मुळात नसलेला दोन दिवसांचा फरक कागदावर उमटतो.

उदाहरण म्हणून पस्तिशीतल्या एका बाईची नोंद घेऊ. वर्ष साधं, फेब्रुवारी २८ दिवसांचा. पाळी सुरू झाल्याच्या तारखा अशा: ४ जानेवारी, २ फेब्रुवारी, २८ फेब्रुवारी, १ एप्रिल, २९ एप्रिल, २९ मे. ४ जानेवारी पहिला दिवस धरला तर १ फेब्रुवारी एकोणतिसावा दिवस होतो, आणि २ फेब्रुवारीला नवं चक्र सुरू होतं. म्हणजे पहिलं चक्र २९ दिवसांचं. (२ फेब्रुवारीही त्यातच धरून ३० म्हणणं ही नेहमीची चूक. तो दिवस पुढच्या चक्राचा.) याच रीतीने पुढची चक्रं २६, ३२, २८ आणि ३० दिवसांची निघतात. पाच चक्रांची सरासरी २९. सर्वांत छोटं २६, सर्वांत मोठं ३२, फरक ६ दिवसांचा.

आता हीच नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरवर बघा. फेब्रुवारीत पाळी दोनदा आली, मार्चमध्ये आलीच नाही. हे पाहून कुणालाही धास्ती वाटेल, पण शरीरात काहीही बिघडलेलं नाही. महिने २८, ३० आणि ३१ दिवसांचे असतात, चक्राला त्यांच्याशी देणंघेणं नसतं. उलट एखादीचं चक्र खरोखरच दरवेळी २८ दिवसांचं असेल, तर ३६५ दिवसांत तिला किमान १३ पाळ्या येतील. महिने १२, पाळ्या १३, म्हणजे कुठल्यातरी महिन्यात दोनदा येणारच! २८ दिवस आणि तीच तारीख या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या बाबतीत वर्षभर खऱ्या ठरू शकत नाहीत.

पाळी संपल्यापासून मोजण्याने आणखी एक गोंधळ होतो. या बाईला २ फेब्रुवारीला आलेली पाळी सहा दिवस चालली, ७ तारखेला थांबली. ८ पासून मोजलं तर २७ तारखेपर्यंत २० दिवस भरतात आणि "वीस दिवसांतच आली" अशी भीती बसते. खरं चक्र २६ दिवसांचं. स्राव किती दिवस टिकला यावर चक्राची लांबी ठरवली की दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात, आणि डॉक्टरांना सांगितलेला आकडाही चुकीचा जातो.

मग किती फरक चालतो? स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फिगो या जागतिक महासंघाच्या २०१८ सालच्या निकषांनुसार प्रौढ वयात २४ ते ३८ दिवसांचं चक्र सामान्य धरतात. वर्षभरातल्या सर्वांत छोट्या आणि सर्वांत मोठ्या चक्रातला फरक २६ ते ४१ या वयात ७ दिवसांपर्यंत, आणि १८ ते २५ तसंच ४२ ते ४५ या वयात ९ दिवसांपर्यंत असला तरी पाळी नियमितच म्हणायची. २८ ही नुसती सरासरीच्या जवळपासची संख्या आहे. पाळी सुरू होऊन थोडीच वर्षं झालेल्या मुलींमध्ये २१ ते ४५ दिवसही चालतात, कारण त्यांच्यात बीज बाहेर पडण्याचा क्रम अजून बसायचा असतो.

हा फरक मुख्यतः चक्राच्या पहिल्या भागात पडतो. बीज पिकून बाहेर पडायला कधी १२ दिवस लागतात, कधी २०. ते बाहेर पडल्यावर पाळी येईपर्यंतचा काळ त्या मानाने स्थिर असतो, साधारण दोन आठवड्यांचा. ताप, जागरणं, लांबचा प्रवास किंवा मोठा ताण पहिल्या भागात आला तर बीज उशिरा सुटतं आणि पाळी पुढे जाते. तुम्हाला उशीर दिसतो तो पाळीचा, पण तो झालेला असतो दोन आठवडे आधी. म्हणून पाळी लांबली की गेल्या दोन-चार दिवसांत काय झालं ते आठवण्यापेक्षा त्याआधीचे आठवडे आठवावेत. एक मर्यादा मात्र सांगायलाच हवी: दुसरा भागही थोडा कमीजास्त होतो. त्यामुळे निव्वळ तारखांच्या हिशेबावर गर्भधारणा टाळण्याची भिस्त ठेवू नये.

औषध सुरू करण्याच्या सल्ल्याबद्दल मला खरोखर काळजी वाटते. पाळी लांबली आणि दिवस राहण्याची शक्यता असेल तर सर्वांत आधी गर्भचाचणी करायची, कुठलीही गोळी त्यानंतर. शिवाय पाळी आणणाऱ्या हार्मोनच्या गोळीने स्राव होतो, पण बीज का सुटत नव्हतं याचं कारण तसंच राहतं आणि मूळ नोंदही बिघडते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना येणारा स्रावही गोळ्यांच्या वेळापत्रकाने येतो. त्या काळातले दिवस या हिशेबात धरू नयेत.

एखादंच चक्र लांबलं तर नोंद करून पुढचं बघावं. लक्ष द्यायचं ते ठेवण बदलली की. वरच्याच बाईची पुढची चक्रं ३६, ४१, २७, ५२ अशी आली असती, तर या चार चक्रांतलाच फरक २५ दिवसांचा झाला असता आणि तपासणी करायलाच हवी होती. थायरॉईड, दूध आणणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन, बीजकोशांशी संबंधित पीसीओएस हा विकार, झपाट्याने घटलेलं वजन, अतिव्यायाम किंवा एखादं चालू औषध, असं काहीही कारण निघू शकतं. चाळिशीनंतर लागोपाठच्या चक्रांत ७ किंवा जास्त दिवसांचा फरक वारंवार पडू लागणं ही बहुधा रजोनिवृत्तीकडच्या वाटचालीची सुरुवात असते. चाळिशीच्या खूप आधी हेच होत असेल तर मात्र थांबू नये.

प्रौढ वयात चक्रं सतत २४ दिवसांच्या आत किंवा ३८ च्या पुढे जात असतील, ९० दिवस पाळीच आली नसेल, स्राव आठ दिवसांहून जास्त टिकत असेल, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जात असेल, तर डॉक्टरांकडे जावं. पाळी पूर्ण थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा डाग दिसला, तर तो एकदाच दिसला म्हणून सोडून देऊ नये. आणि पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखून रक्त जाऊ लागलं किंवा चक्कर आली, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. तेव्हा नोंदवही बाजूला ठेवून त्याच वेळी रुग्णालय गाठायचं.

एरवी डॉक्टरांकडे जाताना पाळी सुरू झाल्याच्या निदान सहा तारखा, प्रत्येक वेळी स्राव किती दिवस टिकला तो आकडा आणि मधल्या डागांच्या तारखा एका कागदावर लिहून न्याव्यात.