फिरत्या आरशाचे सूत्र : खुलासा

फ्रेंच शास्त्रज्ञ फूकोने फिरत्या आरशाने प्रकाशाचा वेग c मोजला, त्याबद्दल एक मेसेज फिरतो आहे: ‘प्रतिमा s ने सरकली, तर c = 4πnDr/s. फूकोच्या आकड्यांवरून वेग १.५ लाख किमीच येतो, म्हणजे त्याचा प्रयोग फसला होता.’

प्रयोग फसलेला नाही, सूत्रातले २ गळले आहेत. प्रकाश फिरत्या आरशावरून स्थिर आरशापर्यंत D अंतर जाऊन परत येतो, त्याला 2D/c वेळ लागतो. तेवढ्यात सेकंदाला n फेरे घेणारा आरसा 4πnD/c रेडियन वळतो. पण आरसा जितका वळतो, त्याच्या दुप्पट परावर्तित किरण वळतो. मेसेजमध्ये हीच पायरी राहिली. म्हणून खरे सूत्र:

c = 8πnDr/s

इथे r हे फिरत्या आरशापासून मोजपट्टीपर्यंतचे अंतर.

फूकोच्या १८६२ च्या मांडणीजवळचे सोपे आकडे घ्या: n = ४००, D = २० मीटर, r = १ मीटर, s = ०.६७ मिमी. वरची बाजू २,०१,०६२ येते, तिला ०.०००६७ ने भागल्यावर सेकंदाला सुमारे ३,००,००० किमी. फूकोचे स्वतःचे उत्तर २,९८,००० होते.

खरी अडचण s मोजण्यात आहे. इथे ०.०१ मिमी चुकले की उत्तर साडेचार हजार किमीने हलते. अमेरिकी शास्त्रज्ञ मायकेलसनने १८७९ मध्ये D सुमारे ६०५ मीटर केले, तेव्हा प्रतिमा १०० मिमीहून जास्त सरकली. शाळेत करणाऱ्यांनी आरसा दोन्ही दिशांना फिरवावा आणि दोन प्रतिमांमधले अंतर निम्मे करून s धरावा. शून्यबिंदूची चूक निघून जाते. मोटरवरचा आकडा मिनिटाचा असेल तर आधी ६० ने भागा.

जुना मेसेज पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथे हे सूत्र टाका.