वर्गाच्या ग्रुपवर कसे वागावे: पालकांसाठी नियमावली

आदरणीय पालकहो,

सहामाहीच्या उत्तरपत्रिका पाहायला घरी दिल्यापासून आपला ग्रुप रात्रंदिवस जागा आहे. तेव्हा नियम लेखी असलेले बरे. नवीन काहीच नाही, आपण जे करताच आहात तेच सर्वांना समान लागू केले आहे.

१. सूचना आली की प्रत्येकाने स्वतंत्र 'ओके मॅडम' लिहावे. सूचनेवर नुसता अंगठा उमटवूनही भागते, आणि कुणी वाचले हे मला मेसेजच्या 'इन्फो'त बहुतेक दिसतेही, पण त्यात आदर कुठे दिसतो? ओकेनंतर जोडलेले हात, त्यानंतर कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. अशा रीतीने सूचना पुरेशी वर गेली की रात्री विचारावे, "उद्या नक्की काय आणायचंय?" सूचना मी पिन करून ठेवलेली असते, पण तिकडे पाहू नये. उत्तर ज्याला माहीत नाही त्याने आधी द्यावे. मग सकाळी अर्धा वर्ग आलेखवही आणतो, अर्धा चित्रकलेची वही, आणि ओरडा मुले खातात.

२. शुभ सकाळचे फूल सूर्योदयापूर्वी टाकावे.

३. मूल शाळेत हजर असले तरी गृहपाठाचा फोटो रात्री अकरालाच मागावा. त्याला स्वतःची वही उघडायला सांगणे म्हणजे छळ.

४. गुणांबद्दल शंका असेल तर मला एकटीला विचारू नये, ग्रुपवरच विचारावी. पुरावा म्हणून दुसऱ्याच्या मुलाची उत्तरपत्रिका जोडावी.

हा नियम परवाच घालून दिला गेला, म्हणून जरा सविस्तर सांगते. प्रश्न विज्ञानाचा, तीन गुणांचा: फुलाची आकृती काढून चार भागांना नावे द्या. आकृतीला एक गुण, प्रत्येक बरोबर नावाला अर्धा. एका मुलीची तीन नावे बरोबर होती, चौथे तिने लिहिलेच नव्हते. एक अधिक दीड, अडीच गुण. शेजारच्या मुलाची चारही नावे बरोबर, फक्त 'पुंकेसर'मधला उकार दीर्घ. विज्ञानाच्या पेपरात शब्द ओळखू येत असेल तर मी उकाराचे गुण कापत नाही. त्याला तीन.

एवढे सांगायला दोन मिनिटे लागली असती. विचारले असते तर. पण मुलीच्या घरून त्या मुलाच्या उत्तरपत्रिकेचा फोटो मागवला गेला (मैत्रीखात्यात, 'जरा बघू दे' म्हणून) आणि ग्रुपवर आला. खाली मजकूर: "अशुद्ध लिहिणाऱ्याला पूर्ण गुण, हा कुठला न्याय?" फोटो त्या एका प्रश्नाचा नव्हता. पूर्ण पहिले पान होते. वर मुलाचे नाव, हजेरी क्रमांक आणि लाल शाईत एकूण गुण: चाळीसपैकी अकरा.

पुढे न्यायप्रेमी मंडळी जमली. कुणी अन्यायाबद्दल लिहिले, कुणी माझ्या तपासणीबद्दल, आणि एकाने हसऱ्या तोंडाचे चिन्ह टाकले. कशाला हसले, ते त्यांनाच ठाऊक. मग कुणीतरी खडसावल्यावर फोटो 'डिलीट' झाला, पण 'डिलीट फॉर मी'! म्हणजे टाकणाऱ्याच्या फोनवरून गेला, बाकी सगळ्यांच्या फोनवर राहिला. तो सर्वांसाठी मी काढला, ॲडमिन म्हणून, तोवर तो किती फोनांच्या गॅलरीत आपोआप उतरला होता देव जाणे.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुले त्या मुलाला 'अकरा' म्हणून हाक मारत होती.

आता नियमावली पुरे. सरळ सांगते.

अर्ध्या गुणासाठी तुम्ही एका दहा वर्षांच्या मुलाला वर्गासमोर उघडे पाडलेत. ज्या मुलीसाठी हे केलेत तिला तो अर्धा गुण मिळायचाच नव्हता, चौथे नाव तिने लिहिलेच नव्हते! आणि बाकीच्यांनो, तुम्ही फोटो मोठा करून वाचलात आणि गप्प बसलात, तेही मला दिसले. मुलांना 'अकरा' हा आकडा माझ्याकडून कळलेला नाही.

आजपासून या ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहील. इथे सूचना येतील, ओके लिहायची सोय नसेल. स्वतःच्या मुलाबद्दल काहीही असो, गुण, तब्येत, भांडण, मला एकटीला लिहा; शाळेच्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत उत्तर देईन, त्यानंतरचे दुसऱ्या दिवशी. गुणांची शंका असेल तर तीन दिवसांत मुलाची स्वतःची उत्तरपत्रिका घेऊन या, गुणविभागणी समोर ठेवून दाखवीन, आणि माझे चुकले असेल तर गुण वाढतील. दुसऱ्याच्या मुलाची वही, पेपर, फोटो, गुण त्याच्या पालकांना विचारल्याशिवाय कुठेही टाकायचे नाहीत. तुम्ही वेगळा ग्रुप काढाल, काढा. हा नियम तिथेही आहे असे समजा.

आणि तो फोटो ज्यांच्या गॅलरीत अजून आहे, त्यांनी तो आज काढा. ज्यांनी पुढे पाठवला, त्यांनी ज्याला पाठवला त्यालाही काढायला सांगा. ज्यांनी टाकला, त्यांनी त्या मुलाच्या घरी फोन करा. मेसेज नको, फोन.

वर्गशिक्षिका