पहिल्या आठवड्याची चिंतन रोजनिशी: त्या मेसेजमधलं काय घ्यायचं, काय सोडायचं

बी.एड.च्या विद्यार्थ्यांना आलेला एक मेसेज असा आहे: "इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्याची चिंतन रोजनिशी कशी लिहायची? सोपं आहे. १) सोमवार ते शनिवार काय काय केलं ते क्रमाने लिहा, जितकं सविस्तर तितकं चांगलं. २) गिब्जचे सहा मथळे घाला, चिंतन आपोआप होतं. ३) चुका लिहू नका, गुण जातात. ४) शेवटी 'खूप काही शिकायला मिळालं, पुढच्या वेळी अधिक चांगली तयारी करेन' असं लिहा. झालं!"

पहिल्या मुद्द्यात दोन वेगळ्या वह्यांची गल्लत आहे. परिपाठ, हजेरी, निरीक्षण केलेले तास, बदली तास, शनिवारची सकाळची शाळा हे सगळं दैनंदिनीत जातं. तिचं काम नोंद ठेवण्याचं. तेच पुन्हा रोजनिशीत उतरवलं, तर चार पानं भरतात आणि वाचणाऱ्याच्या मनात एकही प्रश्न उभा राहत नाही. चिंतन रोजनिशीला आठवड्यातला एकच प्रसंग पुरतो. तो मोठा असायची गरज नाही, मात्र दोन अटी हव्यात: तुमची अपेक्षा एक होती आणि घडलं दुसरंच, आणि जे घडलं त्याचा काहीतरी पुरावा हातात आहे. पुरावा म्हणजे मुलांच्या वह्या, फळ्याचा फोटो, निरीक्षकाचा शेरा किंवा मुलाच्या तोंडचं जसंच्या तसं वाक्य. हे वाक्य रविवारी आठवत नाही. म्हणून तास संपल्यावर लगेच, स्टाफरूममध्ये बसल्या बसल्या, पाठ टाचणाच्या मागच्या कोऱ्या पानावर दोन-चार ओळी खरडून ठेवा. नोंद सावकाश लिहिता येते, कच्चा माल मात्र त्याच दिवशी गोळा करावा लागतो.

सविस्तर लिहा हा सल्ला पूर्ण चूक नाही, तो नको त्या जागी लावलाय इतकंच. आठवडाभराचं ढोबळ वर्णन नको, पण निवडलेल्या दहा मिनिटांचं बारीक वर्णन हवंच. समजा, साताऱ्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत सहावीच्या वर्गावर अपूर्णांकांच्या बेरजेचा पाठ झाला. त्याबद्दल सहसा असं लिहिलं जातं: "मुलांनी छान प्रतिसाद दिला, पण काही मुलांना संकल्पना समजली नाही." या वाक्याचं पुढे काहीच करता येत नाही, कारण प्रतिसाद म्हणजे काय, काही म्हणजे किती आणि समजली नाही हे कशावरून, यातलं काहीच त्यात नाही. आता हे पाहा:

"फळ्यावर दोन भाकऱ्या काढल्या. एकीचे दोन समान भाग करून एक रंगवला, दुसरीचे तीन समान भाग करून एक रंगवला. 'समजलं का?' विचारल्यावर वर्ग एका सुरात 'हो' म्हणाला. मग १/२ + १/३ वहीत सोडवायला दिलं. ४० पैकी १७ वह्यांत २/५ उत्तर आलं. त्यातल्या तीन वह्यांत उत्तराशेजारी दोन गोल काढून त्यांचे सगळे भाग मोजलेले होते."

यात मत एकही नाही. आणि शेवटच्या वाक्यात पुढच्या सगळ्या विचाराचं बीज आहे. ते सुटलं असतं, तर नोंद "समजली नाही" पाशीच अडकली असती.

गिब्जच्या मथळ्यांवर थोडं थांबायला हवं, कारण गडबड सगळ्यात जास्त तिथेच होते. ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या चक्रात सहा टप्पे आहेत: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि कृती आराखडा. टप्पे उपयोगी आहेत, पण ते आपल्याला प्रश्न विचारतात. उत्तर शोधायचं काम आपलंच राहतं. मथळ्याखाली जागा भरायची म्हणून लिहिलं की दोन ठिकाणी हमखास घसरतं.

पहिलं ठिकाण भावनांचं. "सुरुवातीला भीती वाटली, नंतर आनंद झाला" हे कोणत्याही आठवड्याला, कोणत्याही शाळेला चालतं. भावना तेवढीच लिहावी जिने तासातला एखादा निर्णय बदलला. मागच्या बाकावर मेथडचे सर निरीक्षणाला बसलेत म्हणून घाई झाली, आणि त्या घाईत टाचणातली घडीपट्टीची कृती गाळून थेट आकृतीवर उडी मारली, असं असेल तर ती भावना नोंदीत हवी. कारण मग ती कारणांच्या साखळीतली एक कडी आहे.

दुसरं ठिकाण मूल्यमापन आणि विश्लेषण यांच्यामधलं. काय बरं झालं, काय बिघडलं हे मूल्यमापन. ते तसं का झालं हे विश्लेषण. बहुतेक नोंदींत दोन्ही मथळ्यांखाली एकच मजकूर वेगळ्या शब्दांत असतो: वर "मुलांना बेरीज जमली नाही", खाली "मुलांचा पाया कच्चा असल्याने बेरीज जमली नाही". पाया कच्चा हे कारण नव्हे, तो न तपासलेला शेरा आहे. विश्लेषण करायचं तर निदान दोन-तीन शक्यता समोरासमोर ठेवाव्या लागतात आणि पुरावा कोणाच्या बाजूने आहे ते पाहावं लागतं.

आपल्या उदाहरणात पहिली शक्यता अशी की आकृतीनेच २/५ शिकवलं. दोन भाकऱ्या शेजारी शेजारी आहेत, एकूण भाग पाच दिसतात, रंगवलेले दोन दिसतात. मुलाने जे दिसलं ते इमानदारीने मोजलं. तीन वह्यांमधले गोल याच बाजूला बोट दाखवतात. दुसरी शक्यता अशी की ही मुलं कुठल्याही अपूर्णांकात वरचे वर आणि खालचे खाली मिळवतात, आकृती असो वा नसो. तिसरी शक्यता लसावि न जमण्याची. पण लसावि काढून पुढे चुकलेल्या वहीत वेगळ्या खुणा दिसतात: छेद सहा केलेला असतो, अंश तसेच राहिलेले असतात आणि उत्तर २/६ येतं. २/५ लिहिणारी मुलं त्या वाटेने गेलेलीच नाहीत, म्हणून तिसरी शक्यता इथे मागे पडते.

पहिल्या दोन शक्यतांमध्ये निवड करायला आणखी एक गणित पुरतं: १/४ + २/४. तेच मूल इथे ३/४ लिहीत असेल, तर समान भागांची बेरीज त्याला येते आणि अडचण असमान भागांच्या आकृतीत असण्याची शक्यता वाढते. ३/८ लिहीत असेल, तर छेद म्हणजे काय इथूनच सुरुवात करावी लागेल, आकृतीला दोष देऊन भागणार नाही. असा प्रश्न सुचणं म्हणजेच नोंद वर्णनातून बाहेर पडली. तो अजून वर्गात विचारलेला नसला तरी नोंदीत लिहावा. "बहुधा आकृतीमुळे, पण तपासायचं आहे" ही ओळ "मुलांना आवडेल असं शिकवायला हवं" यापेक्षा कितीतरी मोलाची.

मग निष्कर्षात काय लिहायचं? एक-दोन वाक्यं, तुमच्याच कृतीबद्दल आणि दुसऱ्या पाठालाही लागू पडतील अशी. उदाहरणार्थ: "दोन वेगळ्या पूर्णांच्या आकृत्या शेजारी काढल्या की मुलं त्यांना एकत्र मोजतात. बेरीज दाखवायची तर दोन्ही अपूर्णांक एकाच पूर्णावर दाखवले पाहिजेत. आणि 'समजलं का?' याला आलेलं सामुदायिक 'हो' हा समजल्याचा पुरावा नाही." पहिली दोन वाक्यं अपूर्णांकांची आहेत, तिसरं भूगोलाच्या तासालाही चालेल. दोन्ही प्रकारचं एखादं तरी असावं.

सगळी नोंद पाच-सहाशे शब्दांची असेल, तर वर्णन पाव भागात आटपावं आणि निम्मी जागा विश्लेषणाला द्यावी. झालेली नोंद तपासायला पेन्सिल घ्या आणि समासात प्रत्येक वाक्यापुढे एक अक्षर लिहा: वर्णन असेल तर 'व', अर्थ लावलेला असेल तर 'अ', पुढची कृती असेल तर 'पु'. पानभर 'व' दिसले की मथळे कितीही असोत, हाती वृत्तांतच आहे. 'अ' असलेल्या वाक्याला "कशावरून?" विचारा. उत्तर वरच्या एखाद्या 'व' मध्ये सापडलं नाही, तर ते वाक्य खोडा किंवा पुरावा आणा.

चुका लपवण्याच्या सल्ल्याबद्दल फार बोलायला नको. वरच्या उदाहरणातून चूक काढली तर उरतं काय? मात्र त्या सल्ल्यामागच्या भीतीत थोडं तथ्य आहे. "मी खूप कमी पडलो, मला शिकवताच येत नाही" असलं आत्मताडनही चिंतन नसतं, आणि वाचणाऱ्यालाही त्याचं काय करावं कळत नाही. चूक लिहायची ती कृतीची, कारणासकट. तसंच दोष दुसऱ्यावर ढकलण्याचं. "मुलं उशिरा येतात, बेशिस्त आहेत" असं लिहिण्याआधी कोण उशिरा येतं ते पाहावं. परळी खोऱ्यातून एसटीने येणारी तीच सहा-सात मुलं रोज पहिल्या तासाची दहा मिनिटं चुकवत असतील, तर मुद्दा बसच्या वेळेचा आहे, आणि तुमच्या हातात आहे ते इतकंच की तासाची मुख्य कृती पहिल्या दहा मिनिटांत ठेवू नये. मुलांची नावं लिहू नका, 'विद्यार्थी अ' पुरे. ही वही शाळेतले मार्गदर्शक शिक्षकही वाचतात, म्हणून त्यांच्या अध्यापनाबद्दल जे पाहिलं तेवढंच लिहा, शेरा नको.

शेवटचा मुद्दा "अधिक चांगली तयारी" हा. ही तयारी झाली की नाही, हे पुढच्या शनिवारी कोणालाच सांगता येणार नाही, म्हणून ते आश्वासन फुकट आहे. कृती आराखड्यात चार गोष्टी असाव्यात: कधी, कोणत्या वर्गावर, काय बदलणार, आणि बदल लागू पडला हे कशावरून ओळखणार. आपल्या उदाहरणात तो असा होईल:

"मंगळवारी, सहावी. सुरुवातीला पाटीवर १/४ + २/४, न बोलता, प्रत्येकाने. मग प्रत्येक जोडीला १२ सेंटिमीटरची कागदी पट्टी. अर्धी म्हणजे ६ सेंटिमीटर, एक तृतीयांश म्हणजे ४ सेंटिमीटर, दोन्ही एकाच पट्टीवर एकापुढे एक रंगवायचे. रंगलेली पट्टी १० सेंटिमीटर भरते. २ सेंटिमीटरचे तुकडे धरले तर सहापैकी पाच, म्हणजे ५/६. उत्तर काढण्याआधी एक प्रश्न: बेरीज अर्ध्यापेक्षा मोठी येईल की लहान? शेवटच्या पाच मिनिटांत १/२ + १/५ वहीत. २/७ किती वह्यांत येतं ते मोजणार."

२/५ हे अर्ध्यापेक्षा लहान आहे. अर्ध्यात भर घालून अर्ध्याहून कमी कसं उरेल, हा प्रश्न मुलाला स्वतःलाच पडला, तर पट्टीचं निम्मं काम तिथेच होतं. पडला नाही, तर तेही लिहायचं.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. दोन वर्षांच्या बी.एड.साठी २०१४ च्या नियमांनी शाळेतला कालावधी एकूण २० आठवड्यांचा धरला आहे. त्यातल्या पहिल्या आठवड्यात, एका वर्गावरच्या एका पाठातून "ग्रामीण मुलांना गणित नावडतं" असले निष्कर्ष निघत नाहीत. निघतो तो एवढाच: या आकृतीने या वर्गात बहुधा हा घोळ केला. दुसऱ्या आठवड्याची नोंद २/७ च्या आकड्यापासून सुरू करा. तो फारसा उतरला नसेल, तर आकृतीचा अंदाज मागे घेऊन १/४ + २/४ च्या पाट्यांकडे परत जा.