तीन स्टारवाला कुठे गेला?

पाणी उकळायची केटल घ्यायची होती. साधी गोष्ट. पण हल्ली वस्तू घेण्याआधी तिच्याबद्दल परक्या माणसांनी काय लिहिलंय ते वाचायचं असतं, आणि परकी माणसं एकमताने कधी काही लिहीत नाहीत. मला आवडलेल्या केटलला पाचशे जणांनी रेटिंग दिलं होतं. पाच स्टार ३१२, चार ४१, तीन १८, दोन १४ आणि एक स्टार ११५. वरची पट्टी लांबलचक, खालचीही चांगली ठसठशीत, आणि मधल्या तिघी कुपोषित. सरासरी ३.८. म्हणजे पाचशेपैकी बहुतेक सगळे एकतर आनंदाने नाचत होते किंवा शिव्या घालत होते, आणि त्यांची बेरीज-भागाकार करून निघालेला माणूस मात्र शांतपणे "ठीक आहे हो" म्हणत होता. तो माणूस त्या पानावर कुठेच नव्हता.

माझा मेहुणा अशा बाबतीत न्यायाधीश आहे. त्याने फोनवर नुसती नजर टाकली.

"दाजी, फेक आहे. मधे काही नाही म्हणजे फेक. पाचवाले कंपनीची माणसं, एकवाले समोरच्या कंपनीची."

"आणि मधले ७३?"

"ते चुकून आले असतील."

हा निकाल ऐकायला बरा वाटतो, पण त्यात एक अडचण आहे. तो लावला तर जगातली निम्मी दुकानं बंद करावी लागतील, कारण प्रामाणिक वस्तूंच्या पट्ट्यासुद्धा बऱ्याचदा अशाच दिसतात. नान हू, पॉल पावलू आणि जी झँग या अभ्यासकांनी २००९ साली यावर लिहिलं होतं. रिव्ह्यू लिहायला बसतो कोण? जो खूष आहे तो, किंवा जो चिडलाय तो. ज्याच्याकडे केटल आली, पाणी उकळलं, बंद झाली, त्याला सांगण्यासारखं आहे काय? शिवाय वस्तू विकत घेतो तोच, ज्याला ती आधीपासून आवडेल असं वाटतं, त्यामुळे पाचाची बाजू जन्मतःच जड. त्यांनी एका गाण्यांच्या सीडीबद्दल प्रयोगातल्या सगळ्यांनाच मत द्यायला लावलं, तेव्हा मधल्या पट्ट्या छान फुगल्या. म्हणजे तीन स्टारवाला मेलेला नाही. त्याला लिहायचा कंटाळा आहे.

तेव्हा नुसता आकार बघून कोणाला चोर ठरवू नये, असं मी मेहुण्याला समजावलं. "मग चोर कसा ओळखायचा?" तो म्हणाला. मी म्हटलं, तारखांवरून. यावर तो जेवायला निघून गेला आणि बायको म्हणाली, "अहो, केटल घेताय की केस लढवताय?"

पण मी तोपर्यंत रिव्ह्यू 'नवे आधी' या क्रमाने लावले होते, आणि आता मागे फिरणं अशक्य होतं. विकतच्या रिव्ह्यूंचा बाजार कसा चालतो हे माहीत असेल तर तारखा फार बोलक्या होतात. शेरी ही, ब्रेट हॉलनबेक आणि डाव्हिडे प्रोझर्पिओ यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फेसबुकवरच्या गटांतून चालणारा हा धंदा पाहिला होता. विक्रेता सांगतो: वस्तू रीतसर विकत घे, पाच स्टार लिही, पैसे परत देतो. खरेदी खरी असल्यामुळे रिव्ह्यूखाली 'खरेदीची खात्री झालेली' असा शिक्काही बसतो, आणि त्या शिक्क्यावर विसंबणारे आपण बसतो तसेच. पुढे विक्रेता पैसे वाटायचं थांबवतो, तेव्हा रेटिंग घसरतं आणि एक स्टारचं प्रमाण वाढतं. ते एक स्टार देणारे कोणी शत्रू नसतात. पाच स्टार पाहून फसलेले आपल्यासारखेच लोक असतात. म्हणजे मेहुण्याचं अर्धं बरोबर होतं: वरची पट्टी विकत घेतलेली असू शकते. पण तसं असेल तर खालची पट्टी हा बऱ्याचदा तिचाच हिशेब असतो, उधारीने आलेला.

आता आमची केटल. पाच स्टारचे मजकूर वाचायला घेतले तर त्यांतले बहुसंख्य सुरुवातीच्या दोन आठवड्यांतले. "आजच मिळाली, फारच सुंदर." "पॅकिंग उत्तम." "आईला भेट दिली, आई खूष." पाणी उकळल्याचा उल्लेख कुठेच नाही. एकाने लिहिलं होतं, "मान दुखायची थांबली, खूप मऊ आहे." हे वाचून मी बराच वेळ केटल मानेखाली घेण्याच्या पद्धतीचा विचार केला. मग लक्षात आलं की हे पान आधी उशीचं असावं. जुन्या वस्तूचं पान, तिच्या रिव्ह्यूंसकट, नव्या वस्तूला चढवतात, हा प्रकार ऐकून होतो. प्रत्यक्ष दर्शन पहिल्यांदाच घडलं.

तरी मी स्वतःला थांबवलं. मिळाल्या दिवशी आनंदाने पाच स्टार देणारा माणूस प्रामाणिकही असू शकतो, आणि झाकण तिसऱ्या आठवड्यात मोडलं तर एक स्टार नंतरच येणार. म्हणजे 'आधी पाच, नंतर एक' हा क्रमही एकट्याने पुरावा होत नाही. फरक पुढे कळतो. वस्तू विकली जात राहिली, तर रोज कोणाला तरी ती नव्याने मिळते, म्हणजे मिळाल्या दिवशीचा आनंदही दर महिन्याला थोडाथोडा येत राहायला हवा. इथे एक स्टार महिनोन् महिने येत होते, म्हणजे खरेदी चालूच होती. पाच स्टारचा नळ मात्र दोन आठवड्यांनी ठिबकायला लागलेला. इतक्या लोकांचा आनंद एकाच पंधरवड्यात संपत नाही.

मग एक स्टारवाल्यांकडे वळलो. मजकूर लिहिलेले साधारण चाळीस होते. नऊ जणांचं भांडण खोका चेपल्याचं, म्हणजे केटलशी नव्हे, कुरिअरशी. सहा जणांना रंग वेगळा आला होता. दोघे-चौघे नुसतेच ओरडत होते. उरलेल्या वीसेक जणांनी झाकणाची बिजागरी तुटल्याचं लिहिलं होतं, आणि प्रत्येकाने आपल्या भाषेत. कोणी "खटका गेला", कोणी "टोपण लोंबतंय", एकाने तर तुटलेल्या पिनेचा फोटो टाकला होता. पढवून लिहिलेली माणसं इतकी वेगवेगळी कुरकूर करत नाहीत.

आणि मग प्रत्येक रिव्ह्यूच्या वरची करड्या रंगाची बारीक ओळ दिसली: आकार, रंग. त्या एकाच पानावर दोन केटली नांदत होत्या. झाकण तुटलेली जवळजवळ सगळी लहान आकाराची, उशीसकट आनंदी लोकही लहानचेच. मोठीच्या नावावर मोजकेच रिव्ह्यू होते. बरेचसे चार स्टार, काही तीन. "आवाज करते पण चालते." "दांडा जरा गरम होतो." "बरी आहे." मी अक्षरशः उठून उभा राहिलो. तीन स्टारवाला सापडला होता! तो मोठी केटल वापरत होता.

"मोठी घेऊ या," मी बायकोला म्हणालो. "लहानीचं झाकण टिकत नाही. मोठीचे रिव्ह्यू कमी आहेत, पण माणसांनी लिहिलेले आहेत."

"कोणत्या रंगात?"

मी पाहिलं. मोठी फक्त काळ्या रंगात होती.

"मला लाल हवीये," ती म्हणाली. "लाल कशात आहे?"