जांभूळ बी चूर्णाच्या टायटलमध्ये 'मधुमेह' का लिहू नये

"टायटलमध्ये आजाराचं नाव नसेल तर माल सर्चमध्ये दिसतच नाही. आपली वस्तू हर्बल आहे, तिला औषधाचा कायदा लागत नाही. शिवाय ग्रंथात जे लिहिलंय तेच आपण लिहितो. आणि खाली 'डॉक्टरांचा सल्ला घ्या' टाकलं की कुणी काही करू शकत नाही."

घरगुती चूर्णं-तेलं ऑनलाइन विकणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये हा मेसेज सतत फिरतो. त्यावर विसंबून टायटल लिहिणारे अडचणीत येऊ शकतात, आणि ते वाचून माल घेणारा रुग्ण त्याहून मोठ्या अडचणीत येऊ शकतो.

आधी कायद्याचं बघू. औषधे व चमत्कारिक उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा 1954 चा आहे आणि त्यात ॲलोपॅथी-आयुर्वेद असा भेद नाही. शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम व्हावा म्हणून दिलेली, अन्न नसलेली कोणतीही वस्तू त्याच्या व्याख्येत औषध ठरते. जाहिरातीच्या व्याख्येत लेबल आणि वेष्टनही येतं, आणि प्रकाश किंवा आवाजाच्या माध्यमातून केलेली घोषणासुद्धा. मोबाइलच्या पडद्यावरचं टायटल यातून सुटेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

या कायद्याच्या अनुसूचीत 54 नोंदी आहेत. कर्करोग, मधुमेह, रक्तदाब हे अपेक्षितच. पण लठ्ठपणा, संधिवात, मूतखडा, मासिक पाळीच्या तक्रारी, सर्व प्रकारचे ताप, एवढंच काय, माणसाची उंचीसुद्धा त्यात आहे. म्हणजे 'उंची वाढवणारं चूर्ण' किंवा 'तापावरचा काढा' ही टायटलंही अडकतात. आणि बंदी फक्त 'बरा करतो' या शब्दांवर नाही. अमुक आजारासाठी वापरा असं सुचवणारी भाषाही तिच्यात येते.

माल अन्न म्हणून, एफएसएसएआयच्या परवान्यावर विकत असाल तरी सुटका नाही. अन्नाच्या लेबलवर रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही.

आता सर्चचं. जांभूळ बी चूर्णाचं हे टायटल बघा, अशी पायलीला पन्नास सापडतात:

"मधुमेहावर रामबाण आयुर्वेदिक पावडर, शुगर कंट्रोल 100% गॅरंटी"

यात वस्तू कोणती हेच नाही. ज्याला जांभळाच्या बिया हव्यात तो 'जांभूळ बी पावडर' किंवा 'जामुन गुठली चूर्ण' टाइप करणार, आणि यातला 'पावडर' सोडला तर एकही शब्द टायटलमध्ये नाही. तेच असं लिहिलं तर:

"जांभूळ बी चूर्ण (जामुन गुठली पावडर), वाळवलेल्या बिया, वस्त्रगाळ, इतर काही न मिसळलेले, 100 ग्रॅम"

नाव, वनस्पतीचा भाग, रूप, मिश्रण आहे की नाही आणि वजन, सगळं आलं. लोक जी दोन नावं शोधतात तीही आली. 'मधुमेह' टाइप करणारा काही ग्राहक हातचा जाईल, हे खरं आहे. पण ते गिऱ्हाईक मिळवायचा मार्गच बंद आहे, आणि मोठ्या विक्री संकेतस्थळांचे नियमही रोग बरा करण्याचे दावे चालू देत नाहीत.

ग्रंथाचा मुद्दा जरा वेगळा आहे, कारण त्यात अर्धं तथ्य आहे. शास्त्रीय किंवा सामाजिक दृष्टीने प्रामाणिकपणे लिहिलेल्या ग्रंथाला कायद्यात सूट आहे. नोंदणीकृत वैद्याला त्याच्या दवाखान्यावर अमुक आजारावर उपचार होतात अशी पाटी लावता येते. पण ही सूट ग्रंथाला आणि पाटीला आहे. त्यातलं वाक्य उचलून विक्रीच्या टायटलमध्ये घातलं की ती सोबत येत नाही. वैद्य नाडी बघून, मात्रा ठरवून देतो. टायटल कुणाही अनोळखी माणसाला एकच गोष्ट सांगतं.

आणि 'डॉक्टरांचा सल्ला घ्या' ही तळटीप? सर्चच्या यादीत टायटल दिसतं, तळटीप दिसत नाही. 'शुगर कंट्रोल गॅरंटी' वाचून कुणी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या थांबवल्या, तर खालच्या त्या ओळीने त्याची साखर खाली येत नाही. मला सर्वात जास्त राग तळटीप टाकायच्या याच सल्ल्याचा येतो.

उपयोग लिहायचाच नाही असं मात्र नाही. कशी आणि कुठे वापरायची हे बिनधास्त लिहा. 'संधिवातनाशक तेल' ऐवजी "निर्गुंडी तेल, तीळ तेलात सिद्ध, अंगाला मालिशसाठी, 100 मिली". 'केस गळती बंद' ऐवजी "माका-आवळा तेल, केसांना लावण्यासाठी".

टायटल तयार झालं की वस्तू ठाऊक नसलेल्या माणसाला ते वाचायला द्या आणि विचारा, हे कशासाठी असेल? उत्तरात आजाराचं नाव आलं तर शब्द बदला. हे विचारताना फोटोही दाखवा. टायटल निर्दोष आणि बाटलीशेजारी रक्तातली साखर मोजायचं यंत्र, अशी लिस्टिंग्ज खूप दिसतात. तिथे आजार फोटोने सुचवलेला असतो.