साठ्याचा आकडा बदलला आणि नफाही बदलला

«अखेरचा साठा हा शेवटी अंदाजच असतो. तो थोडा कमी दाखवला तर कर वाचतो, रोकड हलत नाही आणि पुढच्या वर्षी हिशेब आपोआप जुळतो.»

दोन भागीदारांच्या एका हार्डवेअर दुकानाची कल्पना करू. तिथल्या तरुण कारकुनाने टॅलीमध्ये साठ्याचा मालनिहाय तपशील जोडलेला नाही, त्यामुळे ३१ मार्चच्या साठ्याची रक्कम त्याला हातानेच भरावी लागते. विक्री ५० लाख, खरेदी ४० लाख, सुरुवातीचा साठा ६ लाख आणि खर्च ७ लाख आहे. विक्रीत मोजणीतून निघालेला ८ लाखांचा साठा मिळवून बाकीच्या रकमा वजा केल्यावर निव्वळ नफा ५ लाख येतो. वरचे शब्द सुनावणाऱ्या मालकांच्या सांगण्यावरून तो ८ च्या जागी ६ घालतो, तेव्हा एकही बिल न बदलता नफा ३ लाखांवर उतरतो.

पहिला मुद्दा अंदाजाचा. माल मोजला जातो, आणि त्याचे मूल्य खरेदीखर्च किंवा निव्वळ वसुलीयोग्य किंमत, म्हणजे विकण्याचा खर्च वजा जाता हाती येईल ती रक्कम, यांपैकी जे कमी असेल तेवढे धरण्याचा नियम आहे. गंजलेल्या बिजागऱ्यांची किंमत किती उतरली हे ठरवताना मतभेद होऊ शकतो. मात्र चांगल्या स्थितीतल्या मालाचे २ लाख वगळणे हा मतभेदाचा प्रश्न नाही.

हिशेब आपोआप जुळण्याची गोष्ट अर्धी खरी आहे, आणि म्हणूनच ती अधिक फसवी आहे. दुसऱ्या वर्षी विक्री ५२, खरेदी ४२, खर्च साडेसात आणि अखेरचा साठा ९ लाख असेल, तर खरा नफा साडेतीन लाख आहे. सुरुवातीचा साठा ६ लाखच धरल्यामुळे वहीत साडेपाच दिसतो. दोन वर्षांची बेरीज दोन्हीकडे साडेआठ लाखच आहे, पण ५ वरून साडेतीनवर घसरलेला धंदा कागदावर ३ वरून साडेपाचवर चढला आहे. शिवाय ही जुळणी होण्यासाठी दुसऱ्या वर्षीचा साठा खरा दाखवावा लागतो. तोही २ लाखांनी कमी दाखवला, तर त्या वर्षाचा नफा बरोबर येतो आणि लपलेला माल तसाच पुढे सरकतो. नफा पुन्हा खाली आणायचा असेल, तर दडवलेली रक्कम आणखी वाढवावी लागते.

रोकड हलत नाही हे म्हणणेही, कर बाजूला ठेवला तरी, नेहमी टिकत नाही. निम्म्या वाट्याचा एक भागीदार पहिल्या वर्षअखेरीस निवृत्त झाला आणि त्याचा हिशेब याच ताळेबंदावर चुकता केला, तर त्याला १ लाख रुपये कमी मिळतात, आणि पुढच्या वर्षी फुगलेला नफा राहिलेल्याच्या खात्यात जातो.

ही फेरफार शोधण्यासाठी हिशेब तपासणाऱ्याने ढोबळ नफ्याचे, म्हणजे खर्च वजा करण्याआधीच्या नफ्याचे, विक्रीशी प्रमाण पाहावे. खरे प्रमाण २४ वरून सुमारे २१ टक्क्यांवर आले असताना वही २० वरून २५ टक्के दाखवते. विक्रीचे आणि खरेदीचे दर फारसे बदललेले नसताना अशी उडी दिसली, तर सुरुवातीचे नग, खरेदी आणि विक्री यांवरून किती नग उरायला हवेत हे काढून गोदामातल्या मोजणीशी ताडावे.